तेरीज जुळली, म्हणजे नेमके काय सिद्ध झाले?

दुहेरी नोंद पद्धतीत प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहिला जातो, एका खात्याच्या नावे बाजूला आणि दुसऱ्या खात्याच्या जमा बाजूला, आणि दोन्ही ठिकाणी रक्कम तीच असते. व्यवहार घडला की तो आधी तारखेवार कीर्दीत उतरतो. तेथून तो खतावणीत, म्हणजे प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान देणाऱ्या वहीत, दोन्ही संबंधित खात्यांवर खतवला जातो. महिना किंवा वर्ष संपले की प्रत्येक खात्याच्या दोन्ही बाजूंची बेरीज घेऊन शिल्लक काढतात, आणि नावे शिल्लक असलेली खाती एका रकान्यात व जमा शिल्लक असलेली दुसऱ्या रकान्यात मांडून दोन्ही रकान्यांची बेरीज तपासतात. या पत्रकाला तेरीज किंवा तेरीजपत्रक म्हणतात. ते कोणतेही खाते नव्हे, कारण त्यात कोणताही व्यवहार नोंदला जात नाही. खतावणीतील शिल्लकांची ती केवळ एक यादी असते, आणि नफातोटापत्रक व ताळेबंद याच यादीच्या आधारे तयार होतात.

या पडताळणीची कल्पना जुनी आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 मध्ये व्हेनिस येथे छापून प्रसिद्ध केलेल्या गणितावरील ग्रंथात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबपद्धती सविस्तर सांगितली आहे. खतावणी बंद करताना सर्व नावे रकमांची आणि सर्व जमा रकमांची वेगवेगळी बेरीज घ्यावी, त्या समान आल्या तर वही नीट ठेवली गेली असे समजावे, आणि समान आल्या नाहीत तर चूक शोधावी, असा मार्ग त्यात दाखवला आहे. पाचोलीने ही पद्धत शोधून काढलेली नव्हती, चालू असलेली पद्धत त्याने लिहून ठेवली. तरीही पाच शतकांनंतर या ताळ्याचे स्वरूप फारसे बदललेले नाही, आणि त्याच्या मर्यादाही त्याच राहिल्या आहेत. पेशवेकालीन मोडी दप्तरांतही हिशेबांच्या गोषवाऱ्याला तेरीज म्हणत, मात्र त्या तेरजेत नावे आणि जमा यांच्या समानतेचा हा ताळा अभिप्रेत नसे.

मर्यादा समजण्यासाठी आधी एक लहान तेरीज पूर्ण पाहणे आवश्यक आहे. तालुक्याच्या गावी पाण्याचे पंप, पाइप आणि शेतीची अवजारे विकणारे एक कल्पित दुकान घेऊ, आणि सोयीसाठी कराचा भाग बाजूला ठेवू. मालकाने एप्रिलच्या आरंभी 5,00,000 रुपये रोख भांडवल घातले आणि त्यातील 4,50,000 रुपये बँकेत भरले. घाऊक व्यापाऱ्याकडून 2,40,000 रुपयांचा माल उधारीवर घेतला, दुकानासाठी कपाटे व काउंटर मिळून 80,000 रुपयांचे फर्निचर चेकने खरेदी केले, 90,000 रुपयांची विक्री रोखीने आणि 1,50,000 रुपयांची उधारीने केली, उधारीपैकी 60,000 रुपये रोख वसूल झाले, घाऊक व्यापाऱ्याला 1,00,000 रुपयांचा चेक दिला, आणि भाड्याचे 12,000 व पगाराचे 18,000 रुपये रोखीने चुकते केले. महिनाअखेरची तेरीज पुढीलप्रमाणे येते. तिच्यातील ऋणको म्हणजे दुकानाचे देणे लागणारे ग्राहक, आणि धनको म्हणजे ज्यांचे देणे दुकानाकडे आहे ते.

| खाते | नावे (रु.) | जमा (रु.) |
|---|---|---|
| रोख | 1,70,000 | |
| बँक | 2,70,000 | |
| खरेदी | 2,40,000 | |
| फर्निचर | 80,000 | |
| ऋणको | 90,000 | |
| भाडे | 12,000 | |
| पगार | 18,000 | |
| भांडवल | | 5,00,000 |
| विक्री | | 2,40,000 |
| धनको | | 1,40,000 |
| एकूण | 8,80,000 | 8,80,000 |

दोन्ही बेरजा जुळल्या आहेत आणि त्या का जुळल्या हे उघड आहे. प्रत्येक व्यवहाराने दोन्ही बाजूंना सारखीच भर घातली; समान रकमा समान रकमांत कितीही वेळा मिळवल्या तरी समानता मोडत नाही, आणि एकाच खात्याच्या दोन बाजूंची वजाबाकी करून शिल्लक काढल्यानेही ती मोडत नाही. तेरीज जुळल्याने जे सिद्ध होते ते एवढेच, की खतावणीत एकूण जितके नावे खतवले गेले तितकेच जमा खतवले गेले, आणि खात्यांच्या बेरजा, शिल्लका व त्यांची यादी करताना या समतोलाला धक्का लावणारी चूक शिल्लक राहिलेली नाही. वहीतील रकमा खऱ्या आहेत का, त्या योग्य खात्यावर गेल्या आहेत का, आणि घडलेले सगळे व्यवहार वहीपर्यंत पोहोचले आहेत का, या तीनपैकी एकाही प्रश्नाला ती उत्तर देत नाही. ती वहीची तुलना वहीशीच करते.

तरीही या मर्यादित कामात ती अतिशय नेमकी आहे, आणि ते मान्य केल्याशिवाय तिच्यावर टीका करणे अन्यायाचे ठरेल. व्यवहाराची एक बाजू खतवायची राहिली, एका बाजूला आकडा चुकला, खात्याची शिल्लक चुकीच्या रकान्यात मांडली, किंवा बेरीज करताना हातचा विसरला, तर तेरीज तत्काळ बिघडते. एवढेच नव्हे, तर फरकाची रक्कम पुष्कळदा चुकीच्या जागेकडे बोटही दाखवते. भाड्याची 12,000 रुपयांची नावे शिल्लक जर जमा रकान्यात लिहिली गेली, तर नावे बेरीज 8,68,000 आणि जमा बेरीज 8,92,000 होते, म्हणजे फरक 24,000 रुपयांचा पडतो, कारण रक्कम एका बाजूने गेली आणि दुसऱ्या बाजूला वाढली. म्हणून फरकाची निम्मी रक्कम घेऊन त्या आकड्याची नोंद शोधणे हा मुनीम आणि हिशेबनीस यांचा पहिला प्रयत्न असतो.

दुसरा प्रयत्न फरकाला नवाने भागून पाहण्याचा असतो. पगाराचे 18,000 रुपये खतवताना 81,000 लिहिले गेले, तर फरक 63,000 येतो आणि त्याला 9 ने भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले की असे नेहमीच घडते, कारण दशमान पद्धतीत डावीकडच्या स्थानाची किंमत उजवीकडच्या स्थानाच्या दहापट असल्याने त्या दोन अंकांच्या वजाबाकीची नऊपट, योग्य तितक्या शून्यांसह, फरक म्हणून उरते. येथे 8 आणि 1 यांतील फरक 7, आणि 7 हजारांची नऊपट 63,000. एखादे शून्य गळाले तरी हाच नियम लागू पडतो, जसे 12,000 ऐवजी 1,200 लिहिल्यास फरक 10,800, म्हणजे 1,200 ची नऊपट. हा संकेत आहे, पुरावा नव्हे, कारण कोणत्याही नऊ लागोपाठच्या आकड्यांपैकी एकाला 9 ने भाग जातोच. पण शेकडो पानांच्या वहीत कोठून सुरुवात करावी हे ठरवण्यास त्याची मदत मोठी होते.

आता दुसरी बाजू. ज्या चुका नावे आणि जमा या दोन्ही बाजूंवर सारखाच परिणाम करतात, किंवा एकाच बाजूच्या आत रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेतात, त्या तेरजेला दिसत नाहीत. पाठ्यपुस्तके त्यांची वर्गवारी करून नावे देतात आणि विद्यार्थी ती पाठ करतात. परंतु या सर्व चुकांची घातकता सारखी नसते, आणि त्यांत सर्वाधिक विचार करण्याजोगी चूक म्हणजे तत्त्वाची चूक.

तत्त्वाची चूक म्हणजे रक्कम बरोबर, बाजूही बरोबर, परंतु खात्याची जातच चुकीची. वरील दुकानातील 80,000 रुपयांचे फर्निचर अनेक वर्षे वापरात राहणार असल्याने ते मालमत्ता आहे, आणि त्याच्या किमतीचा जितका भाग दरवर्षी झिजतो तितकाच, म्हणजे घसारा, खर्च म्हणून दाखवायचा असतो. समजा, लिहिणाऱ्याने ही रक्कम दुकानाच्या किरकोळ दुरुस्ती खर्चाच्या खात्यावर नावे टाकली. तेरजेत फर्निचरची ओळ नाहीशी होते, दुरुस्ती खर्चाची 80,000 रुपयांची ओळ तिच्या जागी येते, आणि बेरीज 8,80,000 तशीच राहते. पत्रकात एक रुपयाचाही फरक पडत नाही.

परिणाम मात्र किती मोठा आहे हे नफा काढल्यावर कळते. महिनाअखेर मोजणी करून 75,000 रुपयांचा माल शिल्लक निघाला असे धरले, तर विकलेल्या मालाची किंमत 2,40,000 वजा 75,000, म्हणजे 1,65,000 रुपये. विक्री 2,40,000 असल्याने ढोबळ नफा 75,000, आणि त्यातून भाडे व पगार मिळून 30,000 वजा केले की निव्वळ नफा 45,000 रुपये राहतो, घसाऱ्याची पहिल्या महिन्याची छोटी रक्कम येथे सोडून दिली आहे. फर्निचर दुरुस्ती खर्चात गेले असता हाच नफा 35,000 रुपयांच्या तोट्यात बदलतो, आणि ताळेबंदातून 80,000 रुपयांची मालमत्ता गायब होते. मालक बँकेकडे कर्जासाठी गेला, तर त्याच्या हातातील कागद नफ्यातल्या दुकानाला तोट्यातले ठरवत असतो, आणि त्या कागदाच्या मुळाशी असलेली तेरीज पूर्णपणे जुळलेली असते. अखेरच्या मालसाठ्याचा आकडा तेरजेत मुळात येतच नाही, हेही या निमित्ताने लक्षात घ्यावे, कारण नेहमीच्या पद्धतीत तो खतावणीत नसून गोदामातील मोजणीतून येतो. त्यामुळे मोजणीत झालेली चूक नफा बदलते, पण तेरजेला तिचा स्पर्शही होत नाही.

हीच चूक उलट दिशेने आणि हेतुपुरस्सर केली तर तिचे रूपांतर लबाडीत होते. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीने 2001 मध्ये आणि 2002 च्या पहिल्या तिमाहीत दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्यासाठी दिलेले भाडे, जे चालू खर्च होते, ते मालमत्तेच्या खात्यांवर नावे टाकले. जून 2002 मध्ये कंपनीने जाहीर केलेली ही रक्कम 3.8 अब्ज डॉलरहून अधिक होती. खर्च मालमत्तेत गेल्याने नफा तितकाच फुगला, पण दोन्ही खाती नावे शिल्लकेचीच असल्याने एवढ्या प्रचंड रकमेनेही बेरजेचा तोल ढळला नाही. कंपनीच्या अंतर्गत लेखापरीक्षकांनी मालमत्तेच्या नोंदींना आधार देणारे कागद मागितले आणि ते मिळाले नाहीत, तेव्हा प्रकार उघड झाला. खर्च आणि मालमत्ता यांतील सीमारेषा हा हिशेबशास्त्रातील निर्णयाचा विषय आहे, आणि निर्णय बेरजेने तपासता येत नाही.

यानंतरच्या चुका अधिक साध्या आहेत. उधार विक्रीचे 15,000 रुपयांचे एक बिल विक्री पुस्तकात चढवायचेच राहिले, तर ऋणको 75,000 आणि विक्री 2,25,000 होते आणि दोन्ही बेरजा 8,65,000 वर समान येतात. याला विसरचूक म्हणतात. विसर अर्धवट असता, म्हणजे विक्री खात्यावर रक्कम गेली पण ग्राहकाच्या खात्यावर खतवायची राहिली असती, तर 15,000 चा फरक लगेच दिसला असता. हे थोडे विचित्र वाटेल, पण पूर्ण विसरण्यापेक्षा अर्धवट विसरणे हिशेबनिसाला अधिक उपकारक ठरते. याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे कीर्दीतच आकडा चुकणे: घाऊक व्यापाऱ्याचे 24,600 रुपयांचे बिल खरेदी पुस्तकात 26,400 असे उतरले, तर त्या पुस्तकातून खतवल्या जाणाऱ्या दोन्ही खात्यांवर तोच चुकीचा आकडा जातो, आणि अंक उलटे झाले असूनही नवाच्या भागाकाराला तपासायला फरकच उरत नाही.

नावे आणि जमा या बाजूंचीच अदलाबदल झाली तर काय होते, हे ताळ्याच्या मर्यादेचे सर्वात स्पष्ट उदाहरण आहे. ग्राहकांकडून वसूल झालेले 60,000 रुपये रोख खात्याच्या नावे आणि ग्राहकांच्या खात्यांवर जमा व्हायला हवे होते. नोंद उलटी झाली, तर वहीतील रोख शिल्लक 1,70,000 ऐवजी 50,000 आणि ऋणको 90,000 ऐवजी 2,10,000 होतात. म्हणजे चुकीचा परिणाम रकमेच्या दुप्पट, दोन खात्यांत मिळून 2,40,000 रुपयांची उलथापालथ, आणि तरीही तेरजेची बेरीज 8,80,000. ही चूक मात्र फार काळ लपत नाही, कारण गल्ल्यातील पैसे मोजले की वहीतल्यापेक्षा 1,20,000 रुपये अधिक निघतात.

एका ग्राहकाची रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जमा होणे ही तालुक्याच्या दुकानात नित्याची चूक आहे, कारण उधारी खतावणीत एकाच आडनावाची दहा-बारा खाती शेजारी शेजारी असतात, आणि घाईत एका पाटलांचे पैसे दुसऱ्या पाटलांच्या पानावर जातात. या चुकीने तेरीज तर बिघडत नाहीच, पण ऋणकोंची एकूण रक्कम बरोबर राहिल्याने नफातोटापत्रक आणि ताळेबंदही अचूक येतात. नुकसान होते ते संबंधांचे: ज्याने पैसे दिले त्याच्याकडे पुन्हा तगादा जातो, आणि ज्याने दिले नाहीत तो निर्धास्त राहतो. हिशेब तपासणारे पुष्कळदा या चुकीला क्षुल्लक मानतात, कारण त्यांची नजर एकूण आकड्यांवर असते. पण दुकानाची पत ज्या विश्वासावर चालते तो या खात्यांच्या पानांवरच टिकतो किंवा मोडतो.

राहिली भरपाई चूक. विक्री पुस्तकाच्या एका पानाची बेरीज 1,000 रुपयांनी जास्त पुढे नेली गेली आणि त्याच महिन्यात पगार खात्याची बेरीजही 1,000 रुपयांनी जास्त झाली, तर दोन स्वतंत्र चुका परस्परांना झाकतात. अगदी सारख्या रकमेच्या दोन चुका योगायोगाने घडणे क्वचितच शक्य होते. पण या प्रकाराचे खरे महत्त्व जुळलेल्या तेरजेपेक्षा न जुळलेल्या तेरजेत आहे. तेरीज 200 रुपयांनी बिघडली असेल, तर वहीत 200 रुपयांची एकच चूक आहे असा त्याचा अर्थ होत नाही. 50,000 रुपयांची एक चूक नावे बाजूला आणि 49,800 रुपयांची दुसरी जमा बाजूला असू शकते. म्हणूनच फरक सापडत नाही म्हणून तो सस्पेन्स खात्यावर, म्हणजे तात्पुरत्या अनामत खात्यावर, टाकून पुढे जाण्याची प्रथा सांभाळून वापरावी लागते. चूक शोधेपर्यंत काम अडू नये एवढ्याचसाठी हे खाते उघडलेले असते, आणि चुका सापडतील तसतशा दुरुस्तीच्या नोंदी करून ते शून्यावर आणायचे असते. फरक लहान आहे म्हणून तो किरकोळ खर्चात मिटवून टाकणे हे तेरजेने दिलेली एकमेव सूचना पुसून टाकण्यासारखे आहे.

आतापर्यंतच्या चुकांत एक तरी खरा व्यवहार मुळाशी होता. मुळाशी काहीच नसताना नोंद केली, तर तेरजेची असहायता पूर्ण होते. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी 7 जानेवारी 2009 रोजी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात कबूल केले, की 30 सप्टेंबर 2008 च्या ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटी रुपयांच्या रोख व बँक शिल्लकेपैकी 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. यामागे हजारो खोटी बिले होती. खोट्या बिलाने ग्राहकाच्या खात्यावर नावे आणि विक्रीच्या खात्यावर जमा अशी नोंद होते. पुढे त्याच बिलाची खोटी वसुली दाखवली की ग्राहक खात्यावर जमा आणि बँक खात्यावर नावे होते. दोन्ही नोंदी दुहेरी पद्धतीच्या नियमात तंतोतंत बसतात, आणि शेवटी उरतात फुगलेली विक्री आणि फुगलेली बँक शिल्लक, दोन्ही समान रकमेने. खोटे लिहिणाऱ्याला दुहेरी नोंद पद्धती अडवत नाही, त्याला फक्त दोन्ही ठिकाणी सारखेच खोटे लिहावे लागते.

येथे पुरावा वहीच्या बाहेरूनच यायला हवा होता. बँकेत खरोखर किती पैसे आहेत हे लेखापरीक्षकाने थेट बँकेकडून, कंपनीच्या हातून न जाता, लेखी मागवून घेणे ही यासाठीची साधी पद्धत आहे. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने 2011 मध्ये काढलेल्या निष्कर्षांनुसार, सत्यमच्या लेखापरीक्षकांनी रोख शिल्लक आणि ग्राहकांकडील येणे यांची अशी खात्री करून घेण्याची प्रक्रिया नीट पार पाडली नव्हती. लहान दुकानातही तत्त्व तेच आहे. बँकेचा उतारा मिळवून बँक खात्याशी ओळीओळीने ताडून पाहणे, गल्ला मोजणे, घाऊक व्यापाऱ्याकडून त्याच्या वहीतील खाते उतारा मागवणे, ग्राहकांना बाकी कळवून दुजोरा घेणे आणि बिलबुकातील क्रमांक सलग आहेत का हे तपासणे, या प्रत्येक कृतीत वहीतल्या आकड्यासमोर वहीबाहेरचा एक साक्षीदार उभा केला जातो. क्रमांक तुटला तर विसरलेले बिल सापडते, घाऊक व्यापाऱ्याच्या उताऱ्यात 24,600 दिसले की 26,400 ची चूक उघडी पडते, आणि गल्ला जास्त निघाला की उलटी नोंद. तत्त्वाच्या चुकीसाठी मात्र असा साक्षीदार मिळत नाही. खर्चाच्या खात्यांतील मोठ्या रकमा एकेक करून काढाव्या लागतात आणि मूळ बिल हातात घेऊन ही वस्तू किती वर्षे टिकणार आहे असे विचारावे लागते.

संगणकावरील हिशेबामुळे तेरजेचे स्थान आणखी बदलले आहे, आणि हा बदल पुरेसा लक्षात घेतला जात नाही. टॅलीसारख्या प्रणालीत नावे आणि जमा रकमा समान असल्याशिवाय व्हाउचर जतनच होत नाही, खतवण्याचे काम प्रणाली स्वतः करते आणि बेरजाही तीच करते. एकतर्फी खतवणे, अर्धवट विसर, हातचा चुकणे, शिल्लक चुकीच्या रकान्यात मांडणे, अशा ज्या चुका पकडण्यासाठी तेरीज निर्माण झाली त्या घडण्याची वाटच बंद झाली आहे. जुन्या वहीतून नव्या प्रणालीत येताना आरंभीच्या शिल्लका हाताने भराव्या लागतात, तेथे मात्र एखादे खाते राहून गेले तर तफावत पडते आणि ती तेरजेत वेगळ्या ओळीने दाखवली जाते. ही एक जागा सोडली तर संगणकीय तेरीज जुळलेलीच असते. बंद पडलेली वाट ही केवळ तेरजेला दिसणाऱ्या चुकांची आहे. न दिसणाऱ्या चुकांची वाट पूर्वीइतकीच मोकळी आहे, काही ठिकाणी तर अधिक मोकळी, कारण यादीतून खाते निवडताना एक ओळ खाली सरकली की एका पाटलांऐवजी दुसरे, किंवा फर्निचरऐवजी दुरुस्ती खर्च निवडला जातो, आणि एकच बिल दोन वेळा भरले गेले तरी दोन्ही वेळा ते निर्दोष समतोल नोंद म्हणून स्वीकारले जाते. म्हणून संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराने महिनाअखेर तेरीज उघडताना तिची बेरीज पाहण्यात वेळ घालवू नये. प्रत्येक ओळ गेल्या महिन्याच्या त्याच ओळीशेजारी ठेवून वाचावी, आणि किरकोळ दुरुस्तीच्या खात्यावर एरवी दोन-तीन हजार असताना या महिन्यात 80,000 का आले, याचे बिल काढून पाहावे.